दाबावंसं वाटणारं बटण

रोझेर झँग्राने उमेदीची सगळी वर्षं मधली चित्रं काढण्यात घालवली. हे तो स्वतःच सांगतो, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगतो.

कार्टूनमध्ये मांजर उडी मारतं. मोठा चित्रकार दोन चित्रं काढतो. मांजर जमिनीवर, मांजर कपाटावर. मग तो जेवायला जातो. पडद्यावर नाव त्याचं येतं. जमीन आणि कपाट यांच्यामधली सगळी मांजरं रोझेरसारखा कुणीतरी काढत बसतो.

"मांजर उडी मारत नाही, पोरी," रोझेर मला म्हणाला होता. "मांजर इथे असतं किंवा तिथे असतं. उडी मी मारतो."

मी भारावून गेले. मी साहित्याची पदवीधर आहे. मला भारावून जायला फारसं काही लागत नाही.

पुढे मधली चित्रं काढायचं काम आधी स्वस्त देशांत गेलं आणि मग यंत्रात गेलं. रोझेर मात्र माँट्रियलमध्येच राहिला. पन्नाशी उलटल्यावर तो आमच्याकडे आला. आमच्याकडे म्हणजे तयार कपड्यांच्या जुन्या कारखान्याच्या चौथ्या मजल्यावर, जिथे एके काळी बायका कोटांना बटणं शिवत आणि आता आम्ही पडद्यावर बटणं लावतो. आम्ही एक व्हिडिओ गेम बनवत होतो. त्यात एक रॅकून, म्हणजे डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा दिसणारा इथला चोरटा प्राणी, रात्री लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरतो आणि चमचे चोरतो. का चोरतो, ते मी लिहिलं होतं. त्याला एक हरवलेली आई होती, आणि तिची आठवण चमच्यांत होती. यावर मी सहा महिने काम केलं. खेळणाऱ्यांनी ते वाचलं असं अजून तरी ऐकिवात नाही.

रोझेरचं काम समजावून सांगणं अवघड आहे. तो रॅकूनचं चित्र काढत नसे. रॅकून कसा चालेल हेही तो ठरवत नसे. चमचा उचलला की उचलल्यासारखा वाटला पाहिजे, बटण दाबलं की दाबल्यासारखं वाटलं पाहिजे, एवढंच त्याच्याकडे होतं. धंद्यातले लोक याला 'रस' म्हणतात. गेममध्ये रस ओतायचा. रोझेरला हा शब्द आवडत नसे. रस बाटलीत मिळतो, म्हणे.

एकदा त्याने मला शेजारी बसवून दाखवलं. चमचा टेबलावरून रॅकूनच्या पोतडीत जायचा होता. आधी त्याने तो एकसारख्या चालीने नेला. चमचा सरकला, जसा सरकारी कार्यालयात कागद सरकतो. मग त्याने सुरुवातीचा वेग वाढवला आणि शेवटी मंद केला. चमचा झेपावला आणि अलगद आत उतरला. वेळ दोन्हींना सारखाच लागला होता. मी पुन्हा दाखव म्हणाले. मग त्याने पोतडी घेतली. चमचा आत पडताच ती खाली दबायची, मग उसळून जरा जास्तच उंच व्हायची, आणि मग आपल्या जागेवर यायची. पण दबताना ती रुंदही व्हायची आणि उंच होताना अरुंद. मी विचारलं, हे कशाला? उंची कमी केली की पुरे झालं की.

"उंची कमी केलीस आणि रुंदी तशीच ठेवलीस तर पोतडी दबत नाही, आटते. आतला माल कुठे गेला? चपटं झालं तर फुगलंच पाहिजे. ताणलं तर बारीक झालंच पाहिजे. वस्तू तेवढीच राहते. तुला युनिव्हर्सिटीत शिकवलं काय?"

मला युनिव्हर्सिटीत बरंच काही शिकवलं होतं. चपटं झालेलं फुगतं, हे राहून गेलं होतं.

स्टुडिओ अनूक बोद्रीचा होता. अनूक बत्तीस वर्षांची, हुशार, कामसू आणि सतत दमलेली. मार्चच्या सुरुवातीला, बूट काढायच्या जागी चिखलाच्या बर्फाचं तळं साचलेलं असताना, तिने सगळ्यांना बोलावलं. गेम प्रकाशकाकडे पाठवायची वेळ जवळ आली होती आणि सगळ्यांना ठेवणं तिला जमणार नव्हतं. तिने इंटरनेटवरून एक तयार संच विकत घेतला होता. त्यात उसळी, थरथर, ठिणग्या, चकाकी असं सगळं बांधून मिळत होतं. एकदा टिचकी मारली की गेममधली प्रत्येक गोष्ट रसरशीत. तेव्हा महिनाअखेरीनंतर रोझेरच्या खुर्चीची गरज उरेल का, याचा तिला विचार करावा लागेल. हे ती फार हळुवारपणे म्हणाली. अशा वेळी वापरायचा हळुवारपणा ती कुठल्या तरी कार्यशाळेत शिकली होती.

रोझेर म्हणाला, ठीक आहे. मग तो आपल्या जागेवर गेला आणि त्याने आयुष्यातली सर्वांत वाईट कामगिरी सुरू केली.

माणसाला आपली गरज आहे हे सिद्ध करायचं असलं की तो सगळीकडे दिसायला लागतो. रोझेर सगळीकडे दिसायला लागला. चमचा उसळू लागला. ज्या टेबलावरून चमचा उचलला ते टेबल उसळू लागलं. दार उघडलं की दार दबायचं, ताणलं जायचं आणि मग उघडायचं. रॅकूनने वळून पाहिलं तरी पडदा हादरायचा. माझ्या संवादांमधली अक्षरंसुद्धा एकेक करून उड्या मारत येऊ लागली. आईच्या मृत्यूचा प्रसंग होता. "आई गेली" ही दोन पदं पडद्यावर ससुल्यांसारखी आली.

आणि विराम. याचं त्याला वेड होतं. एखादी गोष्ट घडते त्या क्षणी सगळा खेळ डोळ्याची पापणी लवेल इतका वेळ थांबवायचा. मग पुढे सोडायचा. खेळणाऱ्याला थांबल्याचं कळत नाही. त्याला फक्त वाटतं की काहीतरी लागलं, काहीतरी वजनदार होतं. हे खरं आहे. मी स्वतः अनुभवलं आहे. तोच चमचा, विरामाशिवाय प्लास्टिकचा वाटतो आणि विरामासकट पोलादाचा. रोझेरने तो विराम प्रत्येक चमच्याला लावला. एका स्वयंपाकघरात तर खंडीभर चमचे.

मी त्याला म्हटलं, म्हाताऱ्या, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह लावलं की एकही वाक्य ऐकू येत नाही. तो म्हणाला की साहित्यिकांनी साहित्य पाहावं. हे वाक्य तो माझ्याशी असलेल्या मैत्रीखातर सौम्य करून बोलला होता. मूळ वाक्यात चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं होती. इथे माँट्रियलमध्ये शिव्या तशाच देतात.

आमच्याकडे दर गुरुवारी कामं संपली की इमारतीतल्या लोकांना गेम खेळायला बोलवायची पद्धत आहे. बिअर आणि चिप्स आम्ही ठेवतो. ते खेळतात, आम्ही त्यांच्या मागे उभे राहतो. नियम एकच: मागे उभं राहणाऱ्याने बोलायचं नाही. तिकडे नाही, इकडे जा, हे सांगायचं नाही. ते बटण दाब, हेही सांगायचं नाही. गेम घेणाऱ्याच्या घरी आपण मागे उभे नसतो. जो बोलेल त्याने पुढच्या गुरुवारची बिअर आणायची. पद्धत सुरू झाल्यापासून बहुतेक बिअर रोझेरने आणली होती.

त्या गुरुवारी खालच्या मजल्यावरचा बेन्वा आला, जो सायकली दुरुस्त करतो, आणि सोलाँज आली, जी मातीची भांडी करायला शिकवते. बेन्वा बसला. त्याने चमचे उचलायला सुरुवात केली. प्रत्येक चमच्याला खेळ थांबत होता. चमचा, थांब, चमचा, थांब. रॅकून उचकी लागल्यासारखा स्वयंपाकघरातून निघाला. बेन्वाने वायर नीट बसली आहे का ते पाहिलं. आमच्याकडे बघून म्हणाला, तुमचं मशीन जुनं झालंय.

मग रॅकून फुगायला लागला. चमचा उचलला की रॅकूनने फुगून परत मूळ आकारात यायचं होतं. पण बेन्वा भराभरा उचलत होता. पहिली उसळी पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू होत होती, आणि दुसरी आपली सुरुवात तेव्हाच्या फुगलेल्या आकारापासून धरत होती. तोच मूळ आकार समजून. मग तिसरी त्याहून फुगलेल्यापासून. रोझेरने तपासताना चमचे एकेक करून, मान राखून, उचलले होते. चोर मान राखत नाहीत. स्वयंपाकघराच्या शेवटी रॅकून फ्रिजएवढा झाला होता आणि दारातून जात नव्हता.

"खाऊन खाऊन जाडा होतो का?" बेन्वाने विचारलं. "चांगली कल्पना आहे."

रोझेरच्या मानेवरची शीर दिसत होती. तो बोलला नाही.

मग सोलाँज बसली. तिने भराभर उचलले नाहीत, त्यामुळे तिचा रॅकून फारसा फुगला नाही. ती थेट दिवाणखान्यात गेली, जिथे चांदीची पळी आहे. संपूर्ण गेममध्ये अशी पळी एकच. या पळीसाठी रोझेरने त्याच दुपारी एक खास मोठा विराम बनवला होता, कुणाची मदत न घेता. सोलाँजने पळी उचलली. खेळ थांबला. रॅकूनचे पंजे पळीभोवती, पळी किंचित दबलेली, चांदीवर प्रकाश. सुंदर.

तो थांबला तो थांबलाच.

कुणी बोललं नाही, कारण नियम होता. सोलाँज पडद्याकडे बघत राहिली. तिने हात मांडीवर ठेवले. मी मागे उभी होते आणि खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, रोझेरला अखेर सापडलं. चोरी आणि आठवण यांच्यामधली ती जागा. कवितेतली यती, ओळीच्या मधला तो थांबा. बराच वेळ गेला. बेन्वाने चिप्सची पिशवी उघडली, तो आवाज हॉलमध्ये घुमला. सोलाँज शेवटी हळूच म्हणाली की हे फार धाडसी आहे, आणि मला आता बाथरूमला जायला हवं.

ती गेल्यावर विल्नेर पुढे झाला. विल्नेर आमचा प्रोग्रॅमर. हायतीहून लहानपणी आलेला, मोजकं बोलणारा. त्याने रोझेरने लिहिलेल्या ओळी पाहिल्या.

"काका," तो म्हणाला, "तू गेमचं घड्याळ बंद केलंस."

"करायलाच पाहिजे. त्याशिवाय थांबेल कसा?"

"बरोबर. आणि मग त्याच घड्याळाला सांगितलंस की जरा वेळाने मला उठव."

रोझेर पडद्यावरच्या रॅकूनकडे बघत राहिला. रॅकून अजून पळी धरून होता. गेमचं घड्याळ बंद असेपर्यंत तो जरा वेळ यायचा नव्हता. माझी यती तेवढ्यात मेली.

अनूकने सगळं पाहिलं होतं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की पुढच्या गुरुवारी तयार संच लावलेला गेम खेळायला ठेवू या आणि त्यावरून निर्णय घेऊ. रोझेरने एकच मागितलं: बाजूच्या मशीनवर माझा ठेव. ती हो म्हणाली, जसं दवाखान्यात शेवटच्या सिगारेटला हो म्हणतात.

पुढचे दिवस रोझेर काढत राहिला. लावत नव्हता, काढत होता. दारं नुसती उघडू लागली. टेबलं टेबलांसारखी वागू लागली. माझी अक्षरं सरळ उभी राहिली, आईला शांतपणे मरता आलं. चमच्यांचे सगळे विराम गेले. विराम फक्त पळीला उरला, आणि तोही आता भिंतीवरच्या घड्याळावर, म्हणजे यंत्राच्या खऱ्या वेळेवर मोजलेला, विल्नेरच्या सांगण्यावरून. रॅकूनची प्रत्येक उसळी आता सुरू होण्याआधी चालू असलेली थांबवायची आणि त्याला त्याचा जन्माचा आकार परत द्यायची. फ्रिजएवढा रॅकून पुन्हा दिसला नाही. बेन्वाने नंतर त्याची चौकशी केली होती.

मग उरलेले सगळे दिवस तो बटणांवर बसला. गेम सुरू व्हायच्या आधीच्या पडद्यावरची बटणं. सुरू करा, आवाज, बाहेर. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. बोट टेकताच बटण दबायला हवं, त्याच क्षणी, थोडाही उशीर नको. बोट उचललं की काम आधी झालं पाहिजे आणि उसळी त्याच्या मागून आली पाहिजे. उसळी किती वर जाईल, किती वेळा डुलेल, की डुलणारच नाही. तो आवाजाच्या बटणावर दोन दिवस होता. फक्त चालू आणि बंद होणारं बटण. चालू केलं की त्याच्या खाचेतली गोळी उजवीकडे जाते, बंद केलं की डावीकडे. जाताना जराशी लांबते, भिंतीला टेकताना जराशी चपटी होते, आणि एक बारीक टक असा आवाज येतो.

मी त्याला विचारलं, तुझी खुर्ची जायची वेळ आली आहे आणि तू आवाज बंद करायच्या बटणावर बसला आहेस?

"बाकीचं झालं," तो म्हणाला.

"पळी तरी आणखी जरा चमकव."

"पोरी, त्या दिवशी तू उद्गारचिन्हांचं म्हणालीस ते बरोबर होतं. आता तू उलट बोलायला लागू नकोस, मला दोनदा माघार घेता येत नाही."

गुरुवार आला. तीच माणसं, शिवाय सोलाँजच्या वर्गातले चारपाच विद्यार्थी, ज्यांच्या नखांत अजून माती होती. एका मशीनवर तयार संच, दुसऱ्यावर रोझेर.

तयार संचाचं काय सांगावं. चमचा उचलला की दिवाळी. ठिणग्या, तारे, हादरा. बटण दाबलं की ते फुगायचं, आक्रसायचं, डुलायचं, आणि सगळं नाचून झालं की मग काम करायचं. पण पाहायला झकास. ज्याने त्याने वा म्हटलं. बेन्वाने दोनदा म्हटलं. विद्यार्थ्यांपैकी एकीने फोनवर चित्रण केलं.

रोझेरच्या मशीनवर शांतता होती. लोक बसायचे, खेळायचे, पुढचा खांद्याला हात लावेपर्यंत उठायचे नाहीत. पळीपाशी एकाने श्वास घेतला तो मी ऐकला. बस. वा नाही, काही नाही. रोझेर भिंतीला टेकून उभा होता. त्या दिवशीही तो एक शब्द बोलला नाही. विल्नेरने मला कोपराने डिवचलं. काका आजारी नाही ना?

शेवटी अनूकने खेळणाऱ्यांना विचारलं, काय आवडलं. पहिल्या मशीनबद्दल सगळे एकदम बोलले. ठिणग्या. तारे. चमचे फुटतात ते. मग तिने दुसऱ्याचं विचारलं. लोक घुटमळले. बेन्वा म्हणाला, याचं मशीन नवीन दिसतंय, फार सफाईने चालतं. म्हणजे कौतुक यंत्राचं. दुसरा म्हणाला, रॅकून हाताला छान येतो, प्रोग्रॅमिंग चांगलं आहे. कौतुक विल्नेरचं. विल्नेरने मान खाली घातली. आणि नखांत माती असलेली एक मुलगी म्हणाली की याच्यातली गोष्ट जास्त हृदयस्पर्शी आहे. दोन्हीकडे गोष्ट तीच होती. आणि मी मागे उभं राहून पाहिलं होतं, तिने एकही ओळ वाचली नव्हती. पुढे जायचं बटण इतकं सुरेख होतं की तिने माझी सगळी आई टकाटक ओलांडली होती.

रोझेरचं नाव कुणी घेतलं नाही. चपटं, ताणलेलं, थांबलेलं असं काही आहे हेच कुणाला कळलं नव्हतं. त्याचं काम चोख झालं होतं, आणि म्हणून ते झालंय असं कुणाला वाटलंच नव्हतं. आम्हाला शिकवलं होतं की चांगली कला माणसाला हलवते. हलवणाऱ्याचं नाव शेजाऱ्याला मिळतं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अनूकने रोझेरला आपल्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे काचेचा डबा. रोझेरने मला बरोबर घेतलं. तो म्हणाला, रागावलो की माझे शब्द जातात, तुझे कधीच जात नाहीत. अनूकने हरकत घेतली नाही.

तिच्या टेबलावर कॉफी होती, आणि तिच्या हातात फोन. गेम फोनवरही येणार होता. रात्री तिने दोन्ही गेम त्यावर तपासले होते. बोलायला सुरुवात करताना तिने फोन खाली ठेवला नाही. आजकाल कोण ठेवतं.

ती चांगलं बोलली. खरंच. ती म्हणाली की रोझेर, तुझ्या कामाचा मला आदर आहे. टक. की तू आल्यापासून आम्ही खूप शिकलो. टक. की पण काल जे झालं ते तू पाहिलंस, एकाही माणसाने तुझ्या भागाचा उल्लेख केला नाही. टक. आणि खेळणाऱ्याला जे दिसत नाही त्यासाठी एक पूर्ण माणूस ठेवणं, टक, आमच्यासारख्या छोट्या जागेला, टक, टक, परवडत नाही.

आधी मला कळेना आवाज कुठून येतो. वाटलं, खोली तापवणारा भिंतीतला गरम पाण्याचा नळ असेल. या इमारतीत तो ठकठकतो. मग मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. फोनवर रोझेरचा गेम उघडा होता, पहिलाच पडदा, आणि तिचा अंगठा आवाजाचं बटण चालू करत होता, बंद करत होता, चालू करत होता. गोळी उजवीकडे जायची, लांबायची, टेकायची. डावीकडे जायची, लांबायची, टेकायची. अनूक रोझेरच्या डोळ्यांत बघत होती. कार्यशाळेत सांगितलेलं असतं, डोळ्यांत बघा.

मी तोंड उघडलं. रोझेरने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

ती आणखी बोलली. नव्या वाटांबद्दल, शिफारसपत्राबद्दल. टक, टक. मधे एकदा ती शब्द शोधायला थांबली, आणि अंगठा मात्र चालूच राहिला. त्या शांततेत ते तिलाही ऐकू आलं असावं. तिने खाली पाहिलं.

अंगठा थांबला. गोळी उजवीकडे होती. कुणीतरी अचानक हातात दिलेल्या लहान मुलाकडे बघावं तसं अनूकने फोनकडे बघितलं, मग अंगठा उचलला. खोलीत आता खरंच फक्त गरम पाण्याचा नळ ठकठकत होता.

"मी हे कधीपासून करतेय?" तिने विचारलं.

"तू 'आदर' म्हणालीस तेव्हापासून," रोझेर म्हणाला.

मग तिने तयार संचाचा गेम उघडला. आवाजाचं बटण दाबलं. ते नाचलं. तिने वाट पाहिली. नाचून झाल्यावर ते बंद झालं. तिने पुन्हा दाबलं नाही. पुन्हा रोझेरचा उघडला आणि या वेळी जाणूनबुजून एकदा दाबलं. एकदाच दाबायचं होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिने तीनदा दाबलं.

"अर्धा आठवडा," ती शेवटी म्हणाली. "जास्त मला जमणार नाही. आणि तो संच मी विल्नेरला काढायला सांगते."

"चार दिवस."

"रोझेर."

"बरं, तीन. पण गुरुवार त्यात धरायचा नाही. गुरुवारी मी काही काम करत नाही, नुसता गप्प उभा असतो. ते मला सगळ्यांत जड जातं, त्याचं वेगळं काय ते बघ."

अनूक हसली. कार्यशाळेतलं नाही, दुसरं. तिने तीन दिवस म्हटलं आणि गुरुवारचं बघू म्हटलं. फोन तिने उलटा करून टेबलावर ठेवला, आणि त्यावर हात ठेवला.

आम्ही बाहेर आलो. मला बोलायचं होतं. माझ्या मनात एक पूर्ण निबंध तयार होता, अदृश्य कारागिरीवर, संदर्भांसकट. रोझेर थेट स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेला. त्याने घरून पाते शिन्वाचा डबा आणला होता: खाली खिमा, मधे मका, वर बटाटा. इथल्या प्रत्येक घरी हे होतं आणि प्रत्येकाला आपल्या घरचंच खरं वाटतं. डबा त्याने मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही, आणि मग मागच्या दोन्हींचे मिळून दोन पीं एकदम आले, आणि घड्याळावर दोन मिनिटं लागली.

त्याने दार उघडलं. डबा बाहेर काढला. मायक्रोवेव्हचं ते बटण त्याने बोटाने हळूच एका बाजूने दाबून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. ते आत जात होतं की नाही तेच कळत नव्हतं.

"हे कुणीतरी बनवलंय," तो म्हणाला. "कुणाला तरी याचा पगार मिळाला."

मग त्याने पाते शिन्वा तसाच गार खाल्ला, उभ्याउभ्या, बटणाकडे बघत. त्याची खुर्ची आत्ताच वाचली होती, आणि तो कुणावर तरी मनापासून चिडला होता. इतका समाधानी माणूस मी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नाही.